सारख्या किमती आल्या की क्विकसॉर्ट का अडतो: लोमुटो आणि होअर

*सर, आमच्या आडत दुकानाच्या कांदा पट्ट्या लावण्यासाठी मी पायथनमध्ये क्विकसॉर्ट लिहिला आहे, पार्टिशन लोमुटो पद्धतीचं. निव्वळ रकमेने लावल्या तर २२ हजार पट्ट्या पटकन लागतात. तालुक्याच्या कोडने (१ ते ११) लावल्या तर `RecursionError` येतो. लिमिट वाढवली तर येत नाही, पण मशीन घुरघुरत बसतं. पिव्हट रँडम घेऊन पाहिला, काही फरक नाही. मित्र म्हणतो होअरचं पार्टिशन वापर. पण ते तर सारख्या आकड्यांचीसुद्धा अदलाबदल करतं. मग काम वाढणार नाही का?*

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. होअरचं पार्टिशन सारख्या किमतींची, म्हणजे ज्यावर लावायचं ते आकडे सारखे असलेल्या नोंदींची, अदलाबदल करतं. पाचच्या जागी पाच येतो, ॲरे आधी जसा दिसत होता तसाच दिसतो. तरीही त्या वायफळ वाटणाऱ्या कष्टातून एक गोष्ट हाती लागते: ॲरेचे दोन भाग जवळपास सारखे पडतात. तुमच्या कोडमध्ये नेमकं तेच होत नाहीये.

पार्टिशन म्हणजे एक आकडा पिव्हट धरून ॲरेचे त्याच्याहून लहान आणि मोठे असे दोन भाग पाडणं. तुम्ही लिहिलेलं पार्टिशन बहुधा असं असेल:

```python
def lomuto(a, lo, hi):
    p = a[hi]
    i = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j] <= p:
            a[i], a[j] = a[j], a[i]
            i += 1
    a[i], a[hi] = a[hi], a[i]
    return i
```

आता समजा, आठ पट्ट्या आल्या आणि आठही मोहोळ तालुक्याच्या. सगळ्यांचा कोड ५. शेवटचा ५ पिव्हट झाला. `j` पहिल्यापासून चालत जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो: तू पिव्हटपेक्षा लहान किंवा त्याच्याइतका आहेस का? सातही जण "हो" म्हणतात आणि सातही डावीकडे जातात. उजवीकडे कोणीच उरत नाही. पिव्हट आपल्या जागी बसला, आणि रिकर्शनच्या वाट्याला एकीकडे सात पट्ट्या आल्या, दुसरीकडे शून्य. पुढच्या फेरीत सहा आणि शून्य, मग पाच आणि शून्य. एका फेरीत एकच पट्टी सुटते. तुलना किती झाल्या? ७ + ६ + ५ असं १ पर्यंत मोजलं तर २८. `n` पट्ट्यांसाठी हा आकडा `n(n-1)/2` होतो, आणि रिकर्शनची खोलीही जवळजवळ `n` इतकीच जाते.

यावर पहिला विचार येतो तो असा की `<=` काढून `<` करू. करून पाहा. आता सातही जण "नाही" म्हणतील, सगळे उजवीकडे राहतील आणि वाटणी शून्य-सात होईल. अदलाबदल कमी होईल खरी, पण तुलना तितक्याच, २८. लोमुटोच्या पद्धतीत एकाच टोकाकडून चालत जाणारा एकच माणूस आहे आणि त्याच्याकडे विचारायला एकच प्रश्न आहे. सारख्या किमतींचं उत्तर त्या प्रश्नाला प्रत्येक वेळी एकच येणार, त्यामुळे त्या सगळ्या एकाच बाजूला पडणार. कोणत्या बाजूला, एवढंच तुम्ही ठरवू शकता.

रँडम पिव्हटने फरक का पडला नाही, तेही यातच आलं. आठ सारख्या पट्ट्यांमधून कोणतीही उचला, ती मोहोळचीच निघणार. तीन उचलून मधली घेतली तरी मोहोळचीच. रँडम पिव्हट हा आधीच क्रमाने लावलेल्या ॲरेवरचा उपाय आहे. तिथे दोष पिव्हटच्या निवडीचा असतो. इथे पिव्हट अगदी मधल्या किमतीचाच आहे आणि तरीही वाटणी बिघडते.

आता होअरची पद्धत. टोनी होअर यांनी क्विकसॉर्ट १९६१ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हाच दोन्ही टोकांकडून आत येण्याची कल्पना त्यात होती. निको लोमुटोंच्या नावाने ओळखली जाणारी, एका टोकाची पद्धत नंतरची. शिकवायला आणि लिहायला सोपी, म्हणून वर्गात तीच आधी भेटते. होअरची पद्धत आज साधारण अशी लिहितात:

```python
def hoare(a, lo, hi):
    p = a[(lo + hi) // 2]
    i, j = lo - 1, hi + 1
    while True:
        i += 1
        while a[i] < p: i += 1
        j -= 1
        while a[j] > p: j -= 1
        if i >= j:
            return j
        a[i], a[j] = a[j], a[i]
```

यार्डातलं चित्र डोळ्यासमोर आणा. गोण्यांची रांग लावलेली आहे. एक हमाल गेटकडून निघतो, दुसरा भिंतीकडून. गेटवाला लहान माल ओलांडत येतो आणि जो लहान नाही त्याच्यापाशी थांबतो. भिंतीवाला मोठा माल ओलांडत येतो आणि जो मोठा नाही त्याच्यापाशी थांबतो. मग दोघं गोण्या बदलतात आणि पुढे सरकतात. पिव्हटइतकाच माल "लहान" नाही, म्हणून गेटवाला त्याच्यापाशी थांबतो. तो "मोठा"ही नाही, म्हणून भिंतीवालाही थांबतो. कोडमध्ये दोन्ही ठिकाणी `=` नाही, ही गोष्ट पुन्हा एकदा नीट पाहून घ्या. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

त्याच आठ मोहोळच्या पट्ट्या, जागा ० ते ७. `i` शून्यावर थांबतो, `j` सातवर. अदलाबदल. मग एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार. चार अदलाबदली झाल्या, सगळ्या पाचच्या जागी पाच. त्यानंतर `i` चारवर आणि `j` तीनवर येतो, दोघं एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, आणि फंक्शन ३ परत करतं. डावीकडे ० ते ३, उजवीकडे ४ ते ७. चार आणि चार.

दोघं प्रत्येक पावलावर थांबले म्हणून सारख्याच वेगाने चालले. सारख्याच वेगाने चालले म्हणून मध्यावर भेटले. अदलाबदल टाळण्यासाठी एकाला जरी न थांबता पुढे जाऊ दिलं असतं, तर भेट कुठल्यातरी टोकाला झाली असती. तुमच्या शंकेचं उत्तर खरं तर एवढंच आहे: त्या चार अदलाबदली वाचवायला गेलात तर मध्य हातचा जातो.

आता तुलना मोजू. आठ पट्ट्यांवर पहिल्या फेरीत `i` पाच जागा पाहतो आणि `j` पाच, म्हणजे १०. चारच्या तुकड्याला ६ लागतात, दोनच्या तुकड्याला ४. सगळं मिळून १० + १२ + १६ = ३८. थांबा, लोमुटोला तर २८च लागल्या होत्या! हो, आठ पट्ट्यांवर लोमुटो पुढे आहे. म्हणूनच वहीत आठ-दहा आकड्यांवर हाताने करून पाहणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. सोळा पट्ट्या घ्या: लोमुटो १२०, होअर ९४. १,०२४ घ्या: लोमुटो ५,२३,७७६, होअर १२,२८६. ६५,५३६ वर लोमुटोला २१४ कोटींहून जास्त तुलना लागतात, होअरला १२ लाखांहून कमी. सगळ्या किमती सारख्या असताना आणि `n` दोनचा घात असताना वरच्या होअर कोडचा हिशोब `n*log2(n) + 2*(n-1)` असा नेमका बसतो. कागदावर करून पाहा, जमेल.

तुमच्या पट्ट्या मात्र सगळ्या एकाच तालुक्याच्या नाहीत, अकरा तालुक्यांच्या आहेत. तिथे काय होतं ते एका लहान मिश्र ॲरेवर पाहू: `[5, 3, 5, 5, 1, 5, 5, 8]`. पिव्हट दोन्ही पद्धतींना तोच देऊ, चौथ्या जागेवरचा ५. लोमुटोसाठी तो आधी शेवटच्या ८ शी बदलून घ्यावा लागतो. `<=` असेल तर लोमुटो शेवटी `[5, 3, 5, 1, 5, 5, 5, 8]` असा ॲरे ठेवतो, पिव्हट सहाव्या इंडेक्सवर, डावीकडे सहा आणि उजवीकडे एक. `<` असेल तर फक्त ३ आणि १ डावीकडे जातात, म्हणजे दोन आणि पाच. होअर `[5, 3, 5, 1]` आणि `[5, 5, 5, 8]` असे चार-चारचे तुकडे देतो. पाच दोन्हीकडे विखुरले, लोमुटोत आहे तसा "पिव्हट आपल्या कायमच्या जागी बसला" असा भाग इथे नाही, पण वाटणी सरळ आहे. सारखे आकडे दोन तुकड्यांत गेले म्हणून काही चुकत नाही. डावीकडचं सगळं ५ किंवा कमी, उजवीकडचं सगळं ५ किंवा जास्त, एवढीच अट असते.

आता तुमचा खरा हिशोब. आकडे मी धरून चालतो, तुम्ही तुमचे घाला. २२,००० पट्ट्यांपैकी ९,००० मोहोळच्या आणि बाकी दहा तालुक्यांच्या प्रत्येकी १,३०० आहेत असं समजा. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत तालुके एकमेकांपासून वेगळे होतात, ते काम किरकोळ आहे. पण प्रत्येक तालुक्याचा गठ्ठा शेवटी लोमुटोला एकेक पट्टी सोडवत संपवावाच लागतो. १,३०० च्या एका गठ्ठ्याला ८,४४,३५० तुलना, असे दहा म्हणजे ८४ लाखांच्या आसपास. मोहोळच्या एका गठ्ठ्याला मात्र ४ कोटी ४ लाख ९५ हजार ५००. एकूण कामाचा पाचातला चारपेक्षा जास्त वाटा एकट्या मोहोळने खाल्ला. म्हणून "माझ्याकडे अकरा वेगवेगळ्या किमती आहेत, सगळं सारखं कुठे आहे?" असं म्हणून भागत नाही. किमती किती प्रकारच्या आहेत यापेक्षा सगळ्यात मोठा गठ्ठा केवढा आहे हे पाहायचं. सगळे तालुके समान असते तर काम साधारण `n*n/(2*d)` झालं असतं, `d` म्हणजे वेगवेगळ्या किमती. पण कांद्याच्या हंगामात तालुके समान कुठले असायला?

`RecursionError` चा उगमही इथेच आहे. पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० असते आणि तुमचा गठ्ठा ९,००० चा. लिमिट वाढवून तुम्ही फक्त घंटा बंद केलीत. काही जण लहान तुकड्यावर रिकर्शन आणि मोठ्या तुकड्यावर लूप असं लिहून खोली कमी करतात. ती सवय चांगली आहे, स्टॅक वाचतो, पण ४ कोटी तुलना ४ कोटीच राहतात. आणि दहा वर्षांच्या पट्ट्या एकत्र केल्यात तर नोंदी दहापट आणि काम शंभरपट होईल. होअरला त्याच ९,००० च्या गठ्ठ्यासाठी साधारण १ लाख ३५ हजार तुलना पुरतात. म्हणजे तीनशेपट फरक.

रकमेने लावताना हा त्रास का झाला नाही? कारण निव्वळ रक्कम हमाली, तोलाई कापून आलेली असते. दोन पट्ट्यांची रक्कम पैशापर्यंत जुळणं विरळाच. तोच सॉर्ट, त्याच पट्ट्या, फक्त कॉलम वेगळा. म्हणून हा दोष चाचणीत निसटतो आणि दुकानात सापडतो.

हे मी पुस्तकी बोलत नाही, माझ्या हातून घडलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी चादरीच्या एका कारखान्यासाठी सी मध्ये स्टॉकचा प्रोग्राम लिहिला होता. होअरचंच पार्टिशन होतं, पिव्हट पहिला घेणारं. मला तुमच्यासारखीच शंका आली: सारख्यांची अदलाबदल कशाला? म्हणून दोन्ही लूपमध्ये `=` घातलं. मग `i` ॲरेबाहेर पळू लागला, म्हणून `i <= hi` आणि `j > lo` अशी कुंपणं घातली:

```c
while (i <= hi && a[i] <= p) i++;
while (j > lo && a[j] >= p) j--;
```

रँडम आकड्यांवर चालवून पाहिलं, उत्तर बरोबर, वेळही झकास. कारखान्यात नेलं तेव्हा मालकांनी सुताच्या काउंटनुसार यादी मागितली. बीमची नोंद हजारोंत, काउंट जेमतेम पाच-सहा प्रकारचे. यादी येईना. कीबोर्डवरचा मुलगा चहा पिऊन आला तरी येईना. मला आधी डिस्कचा दोष वाटला, मग मेमरीचा. अर्धा दिवस गेल्यावर दोन्ही तुकड्यांची लांबी छापून पाहिली आणि शून्य, शून्य, शून्य अशी ओळच उतरली. `i` सगळे सारखे ओलांडून थेट उजव्या टोकाला, `j` सगळे ओलांडून थेट डाव्या टोकाला. दोन टोकांकडून चालणारी पद्धत घेऊन मी तिचा लोमुटो करून ठेवला होता. या प्रकारचं `<=` घातलेलं पार्टिशन आजही जागोजागी दिसतं. ते चुकीचं नाही, सॉर्ट बरोबर करतं, म्हणूनच कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. सारख्या किमतींवर थांबणंच बरं, हे रॉबर्ट सेजविक यांनी १९७७ मध्ये रीतसर मांडून ठेवलेलं होतं. मला ते त्या कारखान्यात कळलं.

म्हणजे "होअर वापरतो" एवढं पुरेसं नाही. आधी वर दिलेल्या कोडमध्ये नुसतं `=` घालून आठ सारख्या आकड्यांवर चालवून बघा. कुंपण नसल्यामुळे `i` आठव्या इंडेक्सवर जाईल आणि पायथन `IndexError` देईल. एका अर्थी ते बरंच. चूक लगेच ओरडते.

वरच्या होअर कोडमध्ये आणखी एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो, कारण लोमुटोवरून येणारा हमखास त्यात पडतो. हे फंक्शन जो `j` परत करतं ती पिव्हटची जागा नसते, ती फक्त सीमा असते. म्हणून रिकर्शन `(lo, j)` आणि `(j+1, hi)` असं करायचं. लोमुटोच्या सवयीने `(lo, j-1)` लिहिलंत तर एक आकडा कुठल्याच तुकड्यात जात नाही आणि यादी अधूनमधून चुकते. शिवाय पिव्हट शेवटचा घेऊ नका. `[1, 2]` वर पिव्हट २ घेतला तर `i` आणि `j` दोघंही इंडेक्स १ वर थांबतात, फंक्शन १ परत करतं, आणि डावा तुकडा पुन्हा तोच `[1, 2]`. हे कधीच संपत नाही. गंमत म्हणजे लक्षण पुन्हा `RecursionError`च, पण कारण पूर्ण वेगळं. `(lo + hi) // 2` खाली पूर्णांक करतं, त्यामुळे दोनच्या तुकड्यात पहिला आकडा पिव्हट होतो आणि हा प्रश्न येत नाही.

तुमचा सॉर्ट कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला घड्याळ लागत नाही. तुलना मोजणारा एक काउंटर घाला आणि सगळे सारखे असलेले दोन ॲरे द्या, एक २५६ चा आणि एक ५१२ चा. लोमुटोत ३२,६४० आणि १,३०,८१६ येतील, म्हणजे चौपट. होअरमध्ये २,५५८ आणि ५,६३०, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. नोंदी दुप्पट केल्यावर काम चौपट झालं की समजायचं, सारखे आकडे एकाच बाजूला जात आहेत. ५१२ पर्यंत खोली मूळ मर्यादेत राहते, त्यामुळे लिमिटला हात लावावा लागत नाही.

लोमुटो सोडायचाच नसेल तर? कधी सोडता येत नाही हेही खरं. एकाच दिशेने जाणारी लिंक्ड लिस्ट असेल तर मागून चालत येणारा दुसरा हमाल आणायचा कुठून? तेव्हा सारख्या किमतींना आलटून पालटून पाठवायचं, एक डावीकडे, पुढचा उजवीकडे:

```python
flip = False
for j in range(lo, hi):
    left = a[j] < p
    if a[j] == p:
        flip = not flip
        left = flip
    if left:
        a[i], a[j] = a[j], a[i]
        i += 1
```

आठ सारख्यांवर यातून चार आणि तीन अशी वाटणी पडते, आणि काम वर्गाच्या पटीत वाढणं थांबतं. प्रत्येक आकड्याला एक जादा तुलना द्यावी लागते, तेवढी किंमत आहे. मी स्वतः ॲरेवर हे वापरणार नाही. ॲरेवर होअर आहेच, आणि सगळ्या किमती वेगवेगळ्या असल्या तरी तो सरासरीने लोमुटोच्या एक तृतीयांश इतक्याच अदलाबदली करतो. पण सारख्यांची वाटणी होणं हेच औषध आहे, दोन टोकं हे त्या वाटणीचं एक साधन आहे, हे या तुकड्यावरून नीट दिसतं.

होअरलाही मर्यादा आहे. मोहोळच्या ९,००० पट्ट्या एकमेकींसारख्याच आहेत, त्यांना पुढे लावण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्याला कळत नाही. तो त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश करत शेवटपर्यंत जातो. अकराच किमती असतील तर तीन भाग पाडणारं पार्टिशन याहून सरस ठरतं: लहान, समान, मोठे. मधला भाग पुन्हा पाहायचाच नाही, मोहोळचा गठ्ठा एका फेरीत कायमचा बाजूला होतो. मात्र किमती बहुतेक वेगळ्या असताना त्याची जादा अदलाबदल अंगावर येते, म्हणून कॉलम कोणता आहे ते पाहून ठरवा.

आता दुकानाच्या कामाचं. दोन्ही पद्धतींत एका तालुक्याच्या पट्ट्या आपसात पुढेमागे होतात. तारखेने लावलेली फाइल तालुक्याने लावलीत की मोहोळच्या गठ्ठ्यात तारखा विस्कटलेल्या मिळतील, आणि तुमचे दिवाणजी ते पहिल्या पानावर पकडतील. क्विकसॉर्टच ठेवायचा असेल तर तालुका आणि पट्टी नंबर अशी जोडकिल्ली घ्या. क्रम टिकतो, आणि गंमत म्हणजे कोणत्याच दोन किल्ल्या सारख्या उरत नाहीत, त्यामुळे हा सारखेपणाचा आजार लोमुटोलाही होत नाही. फक्त मग फाइल आधीच त्या क्रमाने लागलेली असेल तर शेवटचा पिव्हट पुन्हा मारतो. तिथे मात्र तुमचा रँडम पिव्हट कामाला येईल.

शिकण्यासाठी दोन्ही पार्टिशन स्वतः लिहा, काउंटर घालून चालवा. रोजच्या पट्ट्यांना पायथनचा आतला सॉर्ट द्या. तो क्विकसॉर्ट नाही, सारख्यांचा मूळ क्रम राखतो, आणि सगळे आकडे सारखेच असले तर `n-1` तुलनांत एका फेरीत मोकळा होतो:

```python
pattya.sort(key=lambda p: p.taluka)
```

फाइल तारखेने लागलेली असताना ही ओळ चालवा, प्रत्येक तालुक्यात तारखा जशाच्या तशा राहतील.